अनसेंटेड साबण आणला, तरी लेकीचा इसब पुन्हा पुन्हा का उलटत होता

आमची अडचण अशी होती. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागं आणि मानेवर इसब आहे. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं की आठवडाभरात कातडी मऊ पडायची, खाज थांबायची. मलम बंद केलं की दहा-पंधरा दिवसांत पुन्हा तोच लाल चट्टा, रात्रभर तीच खाजवाखाजव आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके. असं जवळजवळ आठ महिने चाललं.

आम्ही परभणीत राहतो. घरात बोअरचं पाणी आहे, उन्हाळ्यात टँकरचं. वासाचा साबण बंद करा, हे पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं होतं आणि आम्ही तो केलाही होता. दुकानदार म्हणाले, "ताई, हा घ्या, बिनवासाचा आहे." पाकिटावर मोठ्या अक्षरात 'अनसेंटेड' लिहिलेलं. नाकाला लावून पाहिला, कसलाच वास नाही. त्यामुळं साबणाचा विषय आमच्यापुरता मिटला होता. मग दूध बंद करून पाहिलं, वांगं बंद करून पाहिलं, शेंगदाणे बंद केले. लेकरू बारीक झालं, इसब आहे तिथंच राहिला.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी वेगळीच गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "तिच्या अंगाला आणि कपड्याला जे जे लागतं ते सगळं पिशवीत घालून घेऊन या." मी साबणाची वडी तिच्या पाकिटासकट, धुण्याच्या पावडरचा पुडा, कपडे मऊ करायच्या लिक्विडची बाटली, डोक्याचं तेल, सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी साबणाचं पाकीट उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या एका शब्दाखाली पेनानं रेघ ओढली. शब्द होता 'फ्रॅग्रन्स'. पुढं अनसेंटेड, मागं फ्रॅग्रन्स, एकाच पाकिटावर.

वास येत नाही, तरी सुगंधी द्रव्य आहे

हे खोटं लेबल आहे असं मला आधी वाटलं. तसं नाही, आणि गोंधळाचं मूळ इथंच आहे. कुठल्याही साबणाच्या कच्च्या मालाला स्वतःचा एक वास असतो. पामतेल, खोबरेल यांपासून केलेल्या साबणाला जरा तेलकट, जुनाट वास येतो. धुण्याच्या लिक्विडमधल्या फेस करणाऱ्या द्रव्यांनाही वास असतो. हा वास गिऱ्हाइकाला आवडत नाही. तो झाकायला बनवणारे थोडं दुसरं सुगंधी द्रव्य घालतात, इतक्याच बेतानं की मूळ वास दबावा आणि नवा वास वर येऊ नये. नाकाला काहीच कळत नाही. म्हणून 'अनसेंटेड', म्हणजे वास न येणारं. पण ते द्रव्य साबणात असतंच, आणि कातडीला लागतंच.

'फ्रॅग्रन्स-फ्री'चा अर्थ वेगळा आहे. यात वासासाठी काही घातलेलं नाही आणि वास झाकण्यासाठीही काही घातलेलं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 'सेफर चॉइस' या योजनेत या दोन शब्दांत नेमका हाच फरक केलेला आहे. त्यामुळं खऱ्या फ्रॅग्रन्स-फ्री साबणाला कधी कधी हलका तेलाचा किंवा पिठासारखा वास येतो. आम्ही आता वापरतो त्या वडीला तसाच येतो. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हा खराब झालेला दिसतोय." खराब नव्हता, त्याचा मूळ वास झाकलेला नव्हता एवढंच.

यातून एक गोष्ट मी कायमची धरली: इसबवाल्या घरात साबणाची परीक्षा नाकानं करायची नाही. नाकाला जाणवायला जितकं द्रव्य लागतं, त्याहून कमी प्रमाणातही ॲलर्जी असलेल्या कातडीला त्रास होऊ शकतो.

हे इसबातच जास्त का जाणवतं

इसबाच्या कातडीचा वरचा थर विरळ असतो. आत ओल टिकत नाही आणि बाहेरचं सहज आत शिरतं. धडधाकट कातडीवरून वाहून जाणारी गोष्ट इथं आत जाते. सुगंधी द्रव्याचा त्रास दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे साधी आग, जी लावल्यावर लगेच चुरचुरते. दुसरी म्हणजे ॲलर्जी, आणि ती लगेच दिसत नाही. बहुतेकदा एक ते तीन दिवसांनी उठते. आमची दिशाभूल याच उशिरानं केली. रविवारी नवा साबण लावला, सोमवारी काही नाही, म्हणून तो निर्दोष ठरला. मंगळवारी रात्री खाज उठली तेव्हा आम्ही त्या दिवशीच्या जेवणाला दोष दिला.

लिमोनीन आणि लिनालूल ही दोन नावं या संदर्भात ओळखीची करून घ्यावीत. लिमोनीन लिंबूवर्गीय सालीच्या तेलात असतं, लिनालूल लॅव्हेंडरसारख्या फुलांच्या तेलात. ताजी असताना ही द्रव्यं ॲलर्जीच्या बाबतीत तशी सौम्य असतात. हवेशी संयोग होऊन जी नवी द्रव्यं तयार होतात, ती ॲलर्जी जास्त उठवतात. झाकण उघडं राहिलेली, महिनोन् महिने पुरवलेली बाटली म्हणूनच नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

पाकीट उलटं करून काय वाचायचं

अंगाच्या साबणावर, बॉडी वॉशवर, क्रीमवर मागं घटकांची यादी असते. त्यात 'फ्रॅग्रन्स', 'परफ्यूम', 'पार्फम' किंवा 'अरोमा' यांपैकी एकही शब्द दिसला, तर पुढं काहीही लिहिलेलं असो, ती वस्तू खाली ठेवायची. हा एक शब्द म्हणजे एक द्रव्य नव्हे. त्यामागं अनेक द्रव्यांचं मिश्रण असू शकतं आणि ते कोणकोणतं हे पाकिटावर सांगितलेलं नसतं. काही पाकिटांवर त्यातली काही नावं वेगळी छापतात: लिमोनीन, लिनालूल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, कुमारिन, युजेनॉल. ही सगळी त्याच घरातली.

हा शब्द यादीत अगदी शेवटी आहे म्हणजे नगण्य आहे, असं मी समजत होते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणं एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहितात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागं कुठल्याही क्रमानं लिहिता येतात. म्हणून शेवटच्या जागेवरून प्रमाणाचा नेमका अंदाज येत नाही. ज्याला ॲलर्जी आहे त्याला ते शेवटचं नावही पुरतं.

आयुर्वेदिक किंवा नैसर्गिक म्हणून मिळणाऱ्या साबणात आम्ही दुसऱ्यांदा फसलो. पुढं 'कृत्रिम सुगंध नाही' असं लिहिलेलं, आणि मागं लेमनग्रास तेल व लॅव्हेंडर तेल. गवती चहाचं तेल झाडातून आलं म्हणून कातडी त्याला सूट देत नाही. लिमोनीन झाडातून येवो की कारखान्यातून, रेणू तोच. घटकांत 'ऑइल' शब्दामागं फुलाचं, पानाचं किंवा सालीचं नाव असेल, तर तो सुगंधच धरावा. साधं खोबरेल, तीळ, सूर्यफूल ही वेगळी गोष्ट, ती तेलं वासासाठी घातलेली नसतात.

साबण बदलला, कोपरं बरी झाली, मान आणि कंबर तशीच

मागं फ्रॅग्रन्स नसलेली, साबणाऐवजी दुसऱ्या फेस करणाऱ्या द्रव्यांपासून केलेली, सिंडेट म्हणतात तशी वडी आणली. साधा साबण अल्कलीयुक्त असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या आसपास, आणि कातडीचा पाचच्या आसपास. सिंडेट वडीचा पीएच कातडीच्या पीएचच्या जवळ जातो, म्हणून डॉक्टरबाईंनी तीच सुचवली. चार आठवड्यांत कोपरं आणि गुडघ्यामागचा भाग निवला. पण मानेवर, कमरेच्या इलॅस्टिकखाली आणि काखेच्या कडेला लाली राहिली. काखेच्या आतल्या खोलगट भागात नाही, कडेला.

ही जागा पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता कपड्याकडं बघा." कारण सोपं आहे. कपडा जिथं घट्ट घासतो तिथं उठलं तर संशय कपड्यावर, म्हणजे त्याच्या रंगावर किंवा त्यात राहिलेल्या धुण्याच्या द्रव्यावर. काखेच्या ऐन मध्यात उठलं तर आधी डिओडरंटवर.

इथं एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे कुणी उगाच सगळा दोष पावडरीवर टाकणार नाही. नीट खळबळलेल्या कपड्यात पावडर फार कमी उरते आणि धुण्याच्या पावडरीची खरी ॲलर्जी तपासणीत क्वचितच सापडते. घोळ दोन ठिकाणी होतो: खळबळणं कमी पडतं तिथं, आणि कपड्यातच राहावं म्हणून बनवलेल्या द्रव्यात. आमच्याकडं दोन्ही होतं.

कपडे मऊ करायचं लिक्विड शेवटच्या पाण्यात घालतात आणि त्यानंतर कपडा धूतच नाहीत. ते धाग्याला चिकटून राहावं म्हणूनच बनवलेलं असतं. आजकाल बऱ्याच लिक्विडांत आणि पावडरींत सुगंधाच्या अतिबारीक कुप्या असतात, त्या धाग्यात अडकतात आणि कपडा घासला की फुटतात. तीन दिवसांनी कपाटातून काढलेला फ्रॉक झटकला की वास दरवळतो, तो त्यामुळं. लेकीचा शाळेचा ड्रेस कडक इस्त्रीचा आणि सुवासिक असावा म्हणून मी तो मनापासून त्या पाण्यात बुडवत होते. ते लिक्विड मी त्या दिवशी बंद केलं. अभ्रे, चादरी आणि तिचे कपडे त्याशिवाय नुसत्या पाण्यात आणि नव्या धुण्याच्या लिक्विडात लागोपाठ तीनदा धुतले, कारण जुनं एका धुण्यात निघत नाही.

धुण्याच्या पावडरवर अंगाच्या साबणासारखी पूर्ण यादी बहुतेक वेळा नसते. काही पुड्यांवर नुसतं 'परफ्यूम' लिहिलेलं असतं, काहींवर तेही नाही. म्हणून इथं नियम उलटा धरावा: ज्यावर फ्रॅग्रन्स-फ्री स्पष्ट लिहिलं आहे आणि घटक छापलेले आहेत, तेच घ्यायचं. अनसेंटेड किंवा माइल्ड एवढ्यावर घ्यायचं नाही. 'बेबी' लिहिलेल्या लिक्विडांवर मी सगळ्यात जास्त भरवसा टाकला होता आणि त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांवर मागं सुगंध निघाला.

आपल्याकडचं पाणी आणि शेवटचं खळबळणं

बोअरचं पाणी जड असलं की फेस येत नाही, म्हणून हात आपोआप आणखी पावडर टाकतो. मी पंधरा लिटरच्या बादलीत दोन मुठी टाकत होते. कपड्याची साबणाची वडी वापरली तर आणखी एक होतं: जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून पांढुरका चिकट साका तयार होतो आणि तो कपड्यात बसतो. वाळल्यावर टॉवेल पापडासारखा ताठ होतो, तो यामुळंही. तो ताठ टॉवेल लेकराच्या इसबावर घासला की वेगळं कारण लागत नाही, खाज उठतेच.

पाणी कमी पडतं तेव्हा खळबळण्याचा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. आमच्याकडं आधी घरातल्या मोठ्यांचे कपडे, मग त्याच पाण्यात लेकरांचे, असं चालायचं, कारण लेकरांचे कपडे छोटे. म्हणजे सगळ्यांच्या पावडरीचं उरलेलं पाणी लेकीच्या कपड्यात जात होतं. आता क्रम उलटा केला. तिचे कपडे आधी, स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळायचे, आणि तेच पाणी पुढं मोठ्यांच्या कपड्यांना वापरायचं. पाणी जास्त लागलं नाही. मशीन असेल तर जादा रिन्सचं बटण फक्त तिच्या कपड्यांच्या फेरीला दाबावं, आणि पावडर ओतायचा कप्पा आधी धुऊन घ्यावा. त्यात जुन्या सुगंधी लिक्विडचा चिकट थर बसलेला असतो आणि तो नव्या फेरीत उतरतो.

कपडा खरंच स्वच्छ निघाला का, हे पाहायची घरगुती रीत आहे. शेवटच्या खळबळीचं पाणी पारदर्शक बाटलीत अर्धं भरायचं, दुसऱ्या बाटलीत नळाचं किंवा बोअरचं कोरं पाणी तितकंच. दोन्ही दहा वेळा हलवायच्या आणि अर्धा मिनिट ठेवायच्या. खळबळीच्या बाटलीत वर फेसाचं कडं टिकलं आणि कोऱ्या पाण्यात नाही, तर पावडर उरली आहे, आणखी एक पाणी हवं. जड पाण्यात फेस दबतो, त्यामुळं कडं दिसलं नाही म्हणजे शंभर टक्के साफ, असं मात्र नाही. पहिल्या दिवशी माझ्या बाटलीत बोटभर फेस होता, तिसऱ्या पाण्यानंतरच उतरला. पावडर एका मुठीवर आणली आणि कपडे तसेच निघाले.

मानेचं कोडं

कंबर बरी झाली, मान राहिली. तिथं ना साबण, ना कपडा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी लेकीच्या दोन वेण्या घालतात, सुवासिक तेल लावून. उन्हात शाळेतून येईपर्यंत ते तेल घामाबरोबर मानेवर उतरतं. साबण निदान धुतला जातो, तेल दिवसभर अंगावर राहतं. मी त्यांना तेल बंद करा म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं, म्हणून साधं खोबरेल डब्यात भरून दिलं. त्यांनी वास घेतला, म्हणाल्या, "हेच तर आम्ही लहानपणी लावायचो." तीन आठवड्यांत मान निवली.

नेमकं कारण कोणतं, हे कसं ठरवावं

आम्ही सगळं एकदम बंद केलं असतं तर बरं वाटलं असतं, पण कशामुळं हे कळलं नसतं. आणि एकेक बंद करत गेलो, त्यात महिने गेले. मधला मार्ग असा आहे. चार ते सहा आठवडे अंगाचा साबण, धुण्याचं, तेल आणि क्रीम सगळं फ्रॅग्रन्स-फ्री ठेवा. डॉक्टरांचं औषध चालू ठेवा. कातडी शांत झाली की एकच वस्तू परत आणा आणि दोन आठवडे दुसरं काही बदलू नका. कॅलेंडरवर रोज रात्री खाज किती, शून्य ते दहा, एवढा एक आकडा लिहा. आमच्या कॅलेंडरवर मऊ करायचं लिक्विड परत आणल्यावर पहिले दोन दिवस दोन-दोन, तिसऱ्या दिवशी पाच, चौथ्या दिवशी सात. लिक्विड पुन्हा बंद केलं आणि पुन्हा आणलं नाही.

एक खबरदारी: साबणाचं पाणी किंवा पावडर हातावर लावून पट्टी बांधून 'टेस्ट' करू नका. ही द्रव्यं बंद पट्टीखाली कुणाच्याही कातडीला भाजू शकतात, ॲलर्जी असो वा नसो. खरी तपासणी पॅच टेस्टची. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ठरलेल्या प्रमाणातल्या द्रव्यांच्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि एकदा तेव्हा, एकदा आणखी दोन दिवसांनी वाचतात. त्यात 'फ्रॅग्रन्स मिक्स' नावाची मिश्रणं असतात. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवता येत नाही आणि घाम यायला नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पट्ट्या सुटतात, म्हणून थंडीतली तारीख घ्यावी. पाठीवर इसब असेल किंवा पोटातून स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर आधी सांगावं. लेकीच्या टेस्टमध्ये फ्रॅग्रन्स मिक्सची जागा लाल, फुगीर आली. ती नाही आली तरी सुगंध पूर्ण सुटत नाही, कारण मिश्रणात सगळी सुगंधी द्रव्यं मावत नाहीत.

फ्रॅग्रन्स-फ्री आणूनही खाज थांबली नाही तर दोन जागा आणखी पाहा. लिक्विडच्या यादीत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव आहे का? ते टिकवण्यासाठी घालतात, सुगंध नाही, पण ॲलर्जीसाठी प्रसिद्ध आहे. पावडरीत टिकवण्याच्या अशा द्रव्याची गरज नसते, म्हणून त्या बाबतीत पावडर बरी. आणि घटकांत बेंझाइल अल्कोहोल असेल तर तेही टिकवण्यासाठी चालतं आणि सुगंधी द्रव्यांतही मोडतं, त्यामुळं फ्रॅग्रन्स-फ्री लिहिलेल्या वस्तूतही सापडू शकतं. पॅच टेस्टमध्ये ते निघालं असेल तरच त्याच्यामागं लागावं.

फोडातून पाणी गळणं, पिवळी खपली, ताप असं दिसलं तर लेबल वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तसंच गोल कडा असलेला, मधून साफ होत पसरणारा चट्टा गजकर्णाचा असू शकतो. त्यावर इसबाचं स्टिरॉइड मलम लावलं तर तो दबून पसरतो. दुकानातून स्वतःहून आणलेल्या मिश्र मलमांनी हा घोळ आपल्या भागात फार होतो.

लेकीचा इसब गेलेला नाही, थंडीत कोपरात कोरडं पडतं आणि आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच जाड मॉइश्चरायझर लावावं लागतं. पण दर पंधरा दिवसांचं ते उलटणं थांबलं आहे. मागच्या महिन्यात मी तीच ओळखीची वडी घ्यायला गेले तर पाकिटाच्या कोपऱ्यात 'नवीन' असा पट्टा होता. दुकानातच उलटी केली. जुन्या पाकिटावर नव्हता तो शब्द आता तिथं होता, पार्फम. मी ती परत फळीवर ठेवली आणि मागच्या बॅचच्या दोन वड्या शिल्लक आहेत का, ते विचारलं.